खांबाच्या मागची रेघ

फोटो पोस्टकार्डाएवढा होता आणि त्याच्या दोन कडा कात्रीने कापलेल्या होत्या. वरची आणि उजवी. स्टुडिओत कापलेला फोटो सरळ असतो. हा कापताना हात जरा खाली उतरत गेला होता.

मुग्धाने तो उचलून उजेडात धरला. मैदान, एक उभा खांब, खांबाजवळ दोन्ही हातांत चेंडू घेऊन उभी असलेली मुलगी. शर्टावर सात नंबर. वर खांबाचं टोक नाही, ते कात्रीबरोबर गेलेलं. फोटोच्या मागे निळ्या पेनाने लिहिलं होतं : राज्यस्तर नेटबॉल, नांदेड जिल्हा संघ.

लातूरच्या क्रीडा कार्यालयात मुग्धाला लागून आठ महिने झाले होते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात, आणि त्या जागांवर हक्क सांगणाऱ्यांची प्रमाणपत्रं खरी की खोटी हे तिथे तपासलं जायचं. मुग्धा भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, कंत्राटावर घेतलेली. कागद पाहायचे, स्पर्धेच्या याद्यांशी ताडायचे, फोटो जोडलेला असेल तर त्यात खरंच तो खेळ दिसतो का ते बघायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहायच्या. हे शेवटचं काम इतर कुणाला फारसं जमत नव्हतं, म्हणून ते तिच्याकडेच आलं होतं. मागच्याच महिन्यात सॉफ्टबॉलच्या प्रमाणपत्राबरोबर आलेल्या फोटोत तिने बेसबॉल ओळखला होता. चेंडू फेकणारा मुलगा मातीच्या उंचवट्यावर उभा होता, आणि सॉफ्टबॉलमध्ये तिथे सपाट जमीन असते. त्या दिवसापासून ऑफिसात तिला 'उंचवटा मॅडम' म्हणत.

"हे बघून घे गं," समोरच्या टेबलावरून सिद्रामप्पा म्हणाले. ते तिचे वरिष्ठ, निलंग्याकडचे, नोकरीची तीन वर्षं उरलेली. "कंधारकडची पोरगी हाय. वनरक्षकात निवड झालीय. स्पर्धेचं रेकॉर्ड अर्धं वाळवीनं खाल्लंय म्हणून आपण जादा पुरावा मागितला होता, तर तिनं फोटो जोडलाय. पण मला विचारशील तर बघायची गरजच न्हाई."

"का?"

"खाली सही कुणाची हाय बघ की!"

मुग्धाने प्रमाणपत्र उलगडलं. सृष्टी ग्यानोबा गायकवाड. जिल्हा नेटबॉल संघटना. आणि खाली, सचिव म्हणून, ती सही जी तिच्या स्वतःच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं होत आली होती. रे. व्यं. नांदापूरकर.

"तुझ्या वडिलांची सही म्हणजे पक्की सही," सिद्रामप्पा म्हणाले. "उभ्या नांदेड जिल्ह्यात रेणुकादास सरांनी एका पोराला खोटा कागद दिला न्हाई. आमदाराच्या भाच्याला वापस धाडलं होतं, ठाऊक हाय ना तुला?"

तिला ठाऊक होतं. ती तेव्हा नववीत होती. आमदाराची माणसं घरासमोर गाडी लावून दोन तास बसली होती आणि बाबा आत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"टिक मार आन् सोड," सिद्रामप्पांनी सांगितलं. "जेवायची वेळ झाली."

ती टिक मारणार होती. खरंच मारणार होती. पण नजर फोटोवर होती आणि नजरेला सवय लागलेली होती. ती सवयही बाबांचीच. लहानपणी रविवारी ते तिला मैदान आखायला बरोबर न्यायचे. फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, डब्यात घेऊन ती दोरीच्या बाजूबाजूने चालायची. आणि घरी आल्यावर ते पेपरातला एखादा फोटो समोर धरून खेळाडूंवर तळवा ठेवायचे. "माणसं बघू नको. जमीन बघ. कोणता खेळ?"

नेटबॉलचा खांब मैदानाच्या शेवटच्या रेघेवर उभा असतो. बरोबर रेघेवर. त्याच्या मागे खेळ नसतो. पुढे अर्धवर्तुळ असतं, सुमारे पाच मीटर त्रिज्येचं, आणि त्याच्या आतूनच गोल करायचा असतो.

या फोटोतला खांब रेघेवर नव्हता. फक्कीची रेघ खांबाच्या बरीच मागे होती, आणि खांब व रेघ यांच्या मध्ये कुणीतरी उभं होतं, मुलीच्या आड झाकलेलं, फक्त बूट आणि पोटऱ्या दिसणारं. खांबासमोर अर्धवर्तुळ नव्हतं. होता एक पांढरा ठिपका, खांबापासून दहाएक बुटांच्या अंतरावर.

मुग्धाने फोटो खाली ठेवला.

"जेवायला येतीस का न्हाई?" सिद्रामप्पांनी दारातून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे."

तिने आधी चेंडूवरून काही निघतं का ते पाहिलं. नेटबॉलचा चेंडू आणि ज्या दुसऱ्या खेळाची तिला भीती वाटत होती त्याचा चेंडू जवळपास सारख्याच आकाराचे असतात. काहीच निघालं नाही. नेटबॉलमध्ये अंगावर जागेच्या नावाची इंग्रजी अक्षरं असलेलं बिब असतं आणि इथे नंबर होता. पण फोटो काढताना बिब उतरवलेलं असू शकतं. तेवढ्यावरून कुणाला खोटं म्हणता येत नाही.

मग तिला सावली दिसली.

खांबाचं टोक कापून टाकलं होतं, पण सावली डावीकडे मैदानावर पूर्ण पडलेली होती. तिच्या शेजारीच मुलीचीही सावली. दोन्ही समांतर, एकाच सपाट जमिनीवर, कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. मुग्धाने पट्टी काढली. खांबाची सावली चौऱ्याऐंशी मिलिमीटर, मुलीची चाळीस. गुणोत्तर दोन पूर्णांक एक. अर्जाच्या प्रतीत उंचीच्या रकान्यात एकशे सहासष्ट सेंटिमीटर लिहिलं होतं. गुणाकार करायला कॅल्क्युलेटर लागला नाही. साडेतीन मीटरला थोडंसं कमी. नेटबॉलच्या खांबावरचं लोखंडी कडं तीन मीटर पाच सेंटिमीटरवर असतं. हा खांब तेवढाच असायचा तर मुलगी चार फूट नऊ इंचांची असायला हवी होती.

आणि सावलीच्या टोकाशी पुढे आलेलं कडं नव्हतं, जाळी नव्हती. खांबाला चिकटून एक जाड, आखूड डबा होता.

कॉर्फबॉल. चार मुली आणि चार मुलगे एकत्र एका संघात खेळतात तो खेळ. खांब मैदानाच्या आत असतो, त्याच्या चारही बाजूंनी खेळता येतं, आणि वर बिनबुडाची टोपली असते. आठ वर्षांपूर्वी नांदेडात तो खेळ बाबांनीच सुरू केला होता.

उजवी कड का कापली तेही आता कळलं. तिकडे मुलगे असणार. मुलींच्या नेटबॉल संघात मुलगे नसतात.

ती तिथेच बसून राहिली. जेवणाचा डबा उघडला नाही. नियम सोपा होता : सही करणारा नात्यातला असेल तर फाइल दुसऱ्याकडे द्यायची. पण दुसरा म्हणजे सिद्रामप्पा, आणि सिद्रामप्पा सही बघून टिक मारणार. म्हणजे नियम पाळला की बाबा वाचत होते. एवढी सोय तिची आयुष्यात पहिल्यांदाच कुणी केली असेल, आणि ती तिला सहन होईना.

मोबाइलवर तिने फोटोचा फोटो घेतला, फाइल कपाटात ठेवली आणि सिद्रामप्पांना सांगितलं, "सोमवारी देते."

*

शनिवारी दुपारी अहमदपूरवरून नांदेडला जाणारी एसटी तिने धरली. घरी पोचली तेव्हा बाबा ओट्यावर बसून दोरीच्या गाठी सोडवत होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कुठल्या ना कुठल्या शाळेचं मैदान आखायला ते अजून जायचे.

"वाळलीस गं," आई म्हणाली. सौदामिनीबाईंना लेक कधीही आली तरी वाळलेलीच दिसायची. "लातूरचं पाणी मानवत नाही तुला."

"लातूरला पाणी असतं कुठं मानवायला?" बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

आई चहा टाकायला आत गेली. मुग्धा बाबांच्या शेजारी बसली. येताना चार तास तिने वाक्यं जुळवली होती आणि त्यांतलं एकही आता तोंडात येईना. शेवटी तिने मोबाइल काढला, फोटो मोठा केला, इतका की फक्त जमीन दिसावी : खांबाचा बुंधा, मागची रेघ, ठिपका. आणि त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, कोणता खेळ?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा नवा चष्मा त्यांनी कपाळावरून खाली ओढला.

"माणसं नाहीत ना यात? बरं केलंस." मोबाइल त्यांनी हातात घेतला. "खांब आत आहे. रेघ मागे, सहा-सात मीटर तरी. म्हणजे नेटबॉल नव्हे, बास्केटबॉलचा तर प्रश्नच नाही. समोर पेनल्टीचा ठिपका, अडीच मीटरवर. सोपं दिलंस की! कॉर्फबॉल. आणि आखणी चांगली केलीय. रेघेला कुठं पोट आलेलं नाही. कुठलं मैदान हे?"

 मुग्धाने दोन बोटांनी फोटो लहान केला. खांब वर गेला, सावली आली, सात नंबरचा शर्ट आला, सृष्टीचा चेहरा आला.

बाबांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

"तुझ्याकडे आली का फाइल," ते म्हणाले.

"हो."

"सिद्रामप्पाकडे जाईल वाटलं होतं मला."

यापेक्षा त्यांनी सरळ नाकारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी सिद्रामप्पांचा हिशेब धरला होता. आपली सही बघून तो टिक मारेल हे त्यांना ठाऊक होतं. आमदाराच्या भाच्याला परत पाठवून कमावलेला तो विश्वास होता, आणि तोच त्यांनी खर्च केला होता.

"कापला कुणी? फोटो?"

"मीच. तिला म्हटलं, मुलं दिसली तर विचारतील." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जमिनीकडे लक्ष गेलं नाही. माझं. सावलीकडे तर नाहीच."

"का, बाबा?"

आई चहा घेऊन आली, दोघांचे चेहरे बघितले, कप ठेवले आणि काही न विचारता आत गेली.

"ती खेळलीय गं," बाबा म्हणाले. "हा फोटो खोटा नाही. राज्य स्पर्धा, उपांत्य सामना. मुलगा-मुलगी एका संघात म्हटल्यावर एकेका घरी मी चार-चार वेळा गेलोय. ग्यानोबा, तिचा बाप, म्हणाला होता, सर, पोरगी पोरांत खेळवता, उद्या लोक तुमच्या तोंडावर न्हाई, माझ्या तोंडावर बोलतील. मी त्याला शब्द दिला. म्हटलं, सर्टिफिकेट मिळेल, नोकरी लागेल. आणि स्पर्धा झाल्यावर सहा महिन्यांत राज्य संघटनेत दोन तट पडले. त्या वर्षाचे सगळे कागद रद्द. पोरं खेळली, जिंकली, आणि खेळलीच नाहीत असं ठरलं. मी काय सांगायचं ग्यानोबाला?"

"म्हणून नेटबॉलचं दिलं."

"नेटबॉलचा सचिवही मीच होतो. आमच्याकडे तसंच असतं, एका पीटी मास्तरच्या गळ्यात चार संघटना. कोऱ्या सर्टिफिकेटांचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं. त्याच महिन्यात नेटबॉलची राज्य स्पर्धा झाली होती. मुलीने घाम गाळला होता. मी फक्त खेळाचं नाव बदललं."

मुग्धाला क्षणभर वाटलं, एवढंच असेल तर... आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात आकडा उभा राहिला. सवयच तशी.

"नेटबॉलचा संघ बाराचा असतो," ती म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं.

"तुमच्या संघटनेच्या यादीत बाराच नावं आहेत. मी बघितलीत. सृष्टी बारावी आहे. मग खरी बारावी कोण होती?"

बाबा दोरीची गाठ पुन्हा हातात घेऊन बसले. ती गाठ सुटलेली होती.

"महादेवी," ते म्हणाले. "मामाकडे राहायची कंधारला. राखीव खेळाडू होती. दोनच सामन्यांत उतरली असेल. स्पर्धा झाली आणि दोन महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं, निलंग्याकडे. सतरा वर्षांची होती. मी भांडलो होतो तेव्हा तिच्या मामाशी. ती काय नोकरी करणार होती, मुग्धा? तिला त्या कागदाचा काय उपयोग होता?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. तेच सगळ्यांत वाईट होतं. ते तिच्याकडे असे बघत होते की तिने म्हणावं, काही उपयोग नव्हता, बाबा.

"मला लिहावं लागेल," ती म्हणाली.

"लिही." ते लगेच म्हणाले, जसं एखाद्या मुलीला चुकलेली उडी पुन्हा मार म्हणून सांगावं. मग आवाज उतरला. "आपल्या नात्याचंही लिहावं लागेल ना? वडील म्हणून?"

"हो."

"कुठल्या ओळीत लिहितात ते? वर की खाली?"

 आत आई भांडी उगाचच पुन्हा विसळत होती.

*

रविवारी तिने महादेवीचा नंबर शोधून काढला. मामाकडून तो मिळायला चार फोन लागले. पलीकडे कुकरची शिट्टी आणि लहान पोराचं रडणं.

"नांदापूरकर सरांची पोरगी? आई गं! सर बरे हायत ना?" महादेवीचा आवाज एकदम सोळा वर्षांचा झाला. "मी दोन मॅच खेळले होते, ताई. औरंगाबादच्या संघाला दोन गोल टाकले होते. सरांना आठवतंय का विचारा."

"विचारते. तुम्हाला सर्टिफिकेट मिळालं होतं का त्याचं?"

"न्हाई की. सर म्हणाले, येईल मागाहून. मग लग्नच झालं." ती हसली. "मागल्या साली पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता मी. सासऱ्यांनीच भरायला लावला. खेळाचं काही हाय का विचारलं तिथं, तर कागद न्हाई म्हटल्यावर साध्या रांगेत उभं केलं. चार मार्कांनी गेलं. असू द्या. सरांना नमस्कार सांगा."

मुग्धा मोबाइल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा बाहेर ओट्यावर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, कारण महादेवी मोठ्याने बोलायची. सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी ते मैदानावर गेले नाहीत.

सोमवारी तिने शेरा लिहिला. आधी फोटोत काय दिसतं ते : खांब अंतिम रेघेच्या आत, मागे खेळाची जागा, समोर ठिपका, अर्धवर्तुळ नाही, सावलीवरून खांबाची उंची अंदाजे साडेतीन मीटर, सावलीच्या टोकाशी कडं नसून टोपली. निष्कर्ष : छायाचित्रातील खेळ नेटबॉल नाही, कॉर्फबॉल आहे. मग : संघातील एक खरी खेळाडू यादीतून वगळलेली असण्याची शक्यता, चौकशी व्हावी. आणि सगळ्यांत शेवटी, वेगळ्या ओळीत : प्रमाणपत्रावर सही करणारे सचिव हे माझे वडील आहेत, त्यामुळे पुढील तपासणी अन्य अधिकाऱ्याने करावी.

सिद्रामप्पांनी कागद दोनदा वाचला. मग दार लावून घेतलं.

"येडी झालीस का?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी केलं असतं ना. माझी सही असती. तुझ्या अंगावर काही आलं नसतं."

"तुम्ही त्यांच्या नावावर विश्वास ठेवून केलं असतं."

"मग? ठेवू नये का?"

तिने मान खाली घातली. सिद्रामप्पांनी खिशातला रुमाल काढला, तिच्यापुढे धरला, आणि तिने घेतला नाही तेव्हा स्वतःचाच चेहरा पुसला.

*

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. मुग्धाला आत बसायची परवानगी नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. बाबा नांदेडहून एकटेच आले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. तिच्याजवळून जाताना ते थांबले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि "जेवलीस का?" एवढंच म्हणाले.

आतलं तिला नंतर सिद्रामप्पांनी सांगितलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांनी फोटो पुढे सरकवून सरांना विचारलं, शेरा चुकीचा असू शकतो का, तुमचं मत काय. म्हणजे दार उघडंच ठेवलं होतं. सरांनी फोटोकडे बघितलंही नाही. म्हणाले, शेरा बरोबर आहे, कॉर्फबॉलच आहे, कापलाही मीच, सृष्टीची चूक नाही, तिने माझं ऐकलं. आणि महादेवीचं नाव पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, नवऱ्याच्या नावासकट, ते लिहून घ्या म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं. सृष्टीची निवड रद्द करायची शिफारस पाठवली. महादेवीला कागद मिळण्याचं तेवढं चौकशीनंतर बघू म्हणाले.

बाबा बाहेर आले ते सरळ जिन्याकडे गेले. कठड्याला धरून एकेक पायरी. मुग्धा मागे जाणार होती, पण तेवढ्यात सृष्टी बाहेर आली. उंच, रुंद खांद्यांची, बसक्या आवाजाची. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद.

"तुम्हीच का मॅडम?" तिने विचारलं. "सरांच्या?"

"हो."

 मुग्धाने शिव्या ऐकायची तयारी केली होती. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी जमिनीवरनं ओळखलं म्हणं," सृष्टी म्हणाली. "सर आम्हाला बी तसंच शिकवायचे. दुसऱ्या संघाचं मैदान आधी चालून बघा म्हणायचे." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तो फोटो वापस मिळंल का? माझ्याकडं तेवढाच हाय. ज्यानं काढला त्याचा स्टुडिओ बी बंद पडला."

"फाइलला लागलाय. देता येणार नाही."

"कवाच न्हाई?"

"प्रकरण मिटेपर्यंत तरी नाही. नंतरही सांगता येत नाही."

सृष्टीने मान हलवली, जणू हेही अपेक्षितच होतं. मुग्धाने घाईघाईने मोबाइल काढला. "माझ्याकडे याचा फोटो आहे. पाठवू?"

नंबर घेऊन तिने पाठवला. सृष्टीच्या जुन्या मोबाइलवर तो उघडायला वेळ लागला, आधी धूसर, मग रेघांसकट. तिने बोटांनी तो मोठा केला आणि उजव्या कडेला सरकवत नेला, जिथे फोटो संपत होता तिथपर्यंत. पुढे काहीच नव्हतं तरी ती बोट फिरवत राहिली.

"हितं वीरेश हुता," ती म्हणाली. "त्यानंच पास दिला हुता मला. आन् त्याच्या बाजूला, रेघेच्या भायेर, सर हुते. दोन्ही हात वर करून."